खर्चाचे निर्णय-प्रश्न वारंवार चुकतात? आधी तारीख तपासा

एफवायबीकॉम आणि सीए फाउंडेशनच्या मुलांची एक तक्रार दर वर्षी ठरलेली असते. व्याख्या पाठ आहेत, व्यक्त आणि अव्यक्त खर्चाचा तक्ता डोळे मिटून काढता येतो, पण शेवटी ‘मग धंदा चालू ठेवावा की बंद करावा?’ असं विचारलं की उत्तर हमखास चुकतं. फाउंडेशनच्या बहुपर्यायी पेपरात चुकलेल्या उत्तराला वर पाव गुणही कापला जातो, त्यामुळे अंदाजपंचे ठोकून देण्याचीही सोय नाही.

उत्तरपत्रिका तपासताना ही चूक तीन रूपांत दिसते. काही जण आर्थिक नफा उणे आला की पुढचं काही न बघता ‘बंद करा’ लिहून मोकळे होतात. काही जण ‘एवढे पैसे घातलेत, आता कसं बंद करणार’ या वळणावर जातात. तिसरा गट सगळ्यात मोठा. ही मुलं स्थिर खर्च म्हणजेच बुडीत खर्च असं धरून चालतात आणि भाडं, पगार, परवाना असं जे काही दर महिन्याला सारखं असेल ते निर्णयातून सरसकट वगळून टाकतात.

तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे. प्रश्न नीट वाचायच्या आधीच खर्चाला नाव चिकटवलं जातं. खरं तर खर्चाच्या नावांच्या तीन जोड्या या तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. व्यक्त की अव्यक्त हे ठरवताना आपण विचारतो, पैसे प्रत्यक्ष कुणाला दिले का? स्थिर की बदलता हे ठरवताना विचारतो, माल जास्त काढला तर हा खर्च वाढतो का? आणि बुडीत की टाळता येणारा हे ठरवताना विचारतो, आज निर्णय फिरवला तर हा पैसा वाचतो का? शेवटच्या प्रश्नातला ‘आज’ फार महत्त्वाचा. तारीख माहीत नसेल तर कुठलाही खर्च बुडीत आहे की नाही हे सांगताच येत नाही. एकाच रुपयाला ही तिन्ही लेबलं एकदम लागू शकतात, आणि तारीख पुढे सरकली की तिसरं लेबल बदलतं.

एक गणित पूर्ण सोडवू

आकडे मी सोयीसाठी बसवलेले आहेत, पण मांडणी आपल्या नाशिकमधल्या कुठल्याही लहान हॉटेलला लागू पडेल.

अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला असलेल्या ताई महिना 30,000 रुपयांची नोकरी सोडून मिसळीचं दुकान काढतात. गाळा सिडकोत, सासऱ्यांच्या वेळचा, घरचाच. भाड्याने दिला असता तर महिना 15,000 आले असते. बँकेतली 6,00,000 ची एफडी त्यांनी मोडली, तिच्यावर 7 टक्के व्याज मिळत होतं. त्यातले 4,00,000 भट्टी, फ्रीज, टेबल-खुर्च्या आणि भांड्यांत गेले. उरलेले 2,00,000 फरशी, रंगकाम, मोरी आणि बाहेरच्या पाटीत गेले.

मिसळ 80 रुपये प्लेट. महिन्याला 2,500 प्लेट खपतात, म्हणजे विक्री 2,00,000, वर्षाची 24,00,000. महिन्याचा खर्च असा: मटकी, फरसाण, पाव, तेल, मसाला, दही, पापड मिळून 90,000, तीन कामगारांचे पगार 40,000, गॅस आणि वीज 15,000, परवाना, घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती 5,000. महिन्याचे 1,50,000, वर्षाचे 18,00,000. शिवाय सीएंनी सगळ्या गुंतवणुकीवर दहा वर्षांच्या हिशोबाने 60,000 घसारा लावला.

हिशोबी नफा: 24,00,000 − 18,00,000 − 60,000 = 5,40,000. वहीत हाच आकडा दिसतो. शेजारपाजारी ‘ताईंचं दुकान मस्त चाललंय’ म्हणतात ते याच आकड्याच्या जोरावर.

आता अव्यक्त खर्च. सोडलेला पगार 3,60,000, न मिळालेलं भाडं 1,80,000, एफडीचं गेलेलं व्याज 42,000. एकूण 5,82,000. आर्थिक नफा: 5,40,000 − 5,82,000 = −42,000.

या उणे 42,000 चा अर्थ नीट समजून घ्या, कारण इथेच पहिली ठेच लागते. ताईंच्या खिशातून 42,000 गेलेले नाहीत. त्यांचे कष्ट, त्यांचा गाळा आणि त्यांचे पैसे दुसरीकडे लावले असते तर जे मिळालं असतं, त्याच्यापेक्षा दुकानाने 42,000 कमी दिले, एवढंच. हाच आकडा बरोबर शून्य आला असता तर त्याला सामान्य नफा म्हटलं असतं, आणि तेव्हाही वहीत 5,82,000 चा नफा दिसलाच असता. ‘आर्थिक नफा शून्य म्हणजे धंदा फुकट’ असं उत्तर लिहिणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

इथपर्यंत बहुतेकांना जमतं. दोन ठिकाणी मात्र आकडा दुप्पट मोजला जातो, तेवढं बघून पुढे जाऊ.

पहिलं, 6,00,000 हा या वर्षाचा खर्च नाही. तो गुंतलेला पैसा आहे. त्याच्यामुळे होणारी झीज घसाऱ्यात आली, त्याच्यामुळे गेलेलं व्याज अव्यक्त खर्चात आलं. तो आख्खा पुन्हा वजा केला तर गणित कोसळतं. समजा त्यातले 2,00,000 पतसंस्थेकडून 12 टक्क्यांनी काढले असते, तर 24,000 व्याज व्यक्त खर्चात गेलं असतं आणि अव्यक्त व्याज फक्त स्वतःच्या 4,00,000 वर, म्हणजे 28,000 धरलं असतं. कर्जाच्या रकमेवर दोन्हीकडे व्याज लावू नका.

दुसरं, पर्याय अनेक असले तरी अव्यक्त खर्च धरायचा तो सगळ्यात चांगल्या एकाच पर्यायाचा. ताईंना अंबडची 30,000 ची नोकरी होती आणि एका सीएंकडे 22,000 ची ऑफरही होती, असं प्रश्नात मुद्दाम घातलेलं असतं. ताई एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ शकत नाहीत, म्हणून 30,000 च धरायचे. पगार आणि भाडं मात्र दोन्ही मोजायचे, कारण एक ताईंच्या वेळेचं मोल आहे, दुसरं गाळ्याचं. नियम असा: एका साधनाला एक पर्याय.

मग बंद करायचं का?

एक वर्ष झालं. प्रश्न विचारतो, ‘विक्री आणि बाकी खर्च असेच राहणार असतील, तर ताईंनी दुकान बंद करून पुन्हा नोकरी धरावी का? भट्टी, फ्रीज वगैरे सामानाला आज जुन्या बाजारात 1,50,000 मिळतात. आणखी एक वर्ष वापरलं तर 1,20,000 मिळतील.’

वर्गात एकाने ताडकन सांगितलं, “मॅडम, उणे 42,000 आहे ना, बंद करायचं.” मागच्या बाकावरून आवाज आला, “सहा लाख घातल्यावर असं लगेच कुणी बंद करतं का?” दोघंही उत्तरापासून सारखेच लांब आहेत. पहिल्याने वर्षापूर्वीच्या तारखेचं गणित आजच्या निर्णयाला लावलं. दुसऱ्याने गेलेला पैसा तराजूत टाकला.

कोरा कागद घ्या आणि सगळ्यात वर एक वाक्य लिहा: ‘आजपासून पुढचं एक वर्ष चालू ठेवणं, की आज बंद करणं.’ हे वाक्य लिहिल्याशिवाय एकही आकडा लिहायचा नाही. मग प्रत्येक रकमेपुढे एकच प्रश्न, आज बंद केलं तर ही रक्कम बदलते का?

विक्री बदलते, ती शून्यावर येते. 18,00,000 चा रोजचा खर्चही थांबतो. म्हणजे चालू ठेवलं तर हातात 6,00,000 रोख उरतात. बंद केलं तर नोकरीचे 3,60,000 आणि गाळ्याचं भाडं 1,80,000 मिळतात, म्हणून चालू ठेवण्यापुढे हे दोन्ही वजा होणार.

आता भांडवल. फरशी, रंग, मोरी, पाटी यांचे 2,00,000 आज बंद केलं काय आणि पुढच्या वर्षी केलं काय, परत येणार नाहीत. बुडीत. सामानाचे 4,00,000 सुद्धा पूर्ण मोजायचे नाहीत, कारण ते 4,00,000 आज कुठेच नाहीत. आज आहेत ते 1,50,000. दुकान चालू ठेवणं म्हणजे हे 1,50,000 आणखी एक वर्ष अडकवून ठेवणं. त्याची किंमत दोन भागांत येते: त्यावरचं 7 टक्के व्याज 10,500, आणि वर्षभरात सामानाची किंमत 1,20,000 वर येईल म्हणून 30,000. मिळून 40,500.

सीएंचा 60,000 घसारा इथे कुठेच येत नाही. तो जुन्या खरेदीची वाटणी आहे. वहीत गुंतवणुकीची किंमत अजून 5,40,000 दिसते, बाजार 1,50,000 म्हणतो, आणि निर्णय घेताना बाजाराचं ऐकायचं असतं. एफडीचे पूर्ण 42,000 व्याजही येत नाही, कारण आज दुकान मोडलं तर एफडी 6,00,000 ची नाही, 1,50,000 ची होणार आहे.

चालू ठेवण्याचा आर्थिक नफा: 6,00,000 − 3,60,000 − 1,80,000 − 40,500 = 19,500.

धन आला. म्हणजे चालू ठेवावं.

मुलं इथे बिचकतात. तीच विक्री, तेच भाडं, तोच पगार, आणि एकदा उणे 42,000, एकदा अधिक 19,500? दोन्ही बरोबर आहेत, कारण प्रश्न दोन आहेत. ‘हे दुकान काढायला हवं होतं का’ याचं उत्तर ‘एवढ्याच विक्रीवर, नाही’ असं आहे. ‘काढलेलं दुकान आज बंद करावं का’ याचंही उत्तर ‘नाही’ असंच आहे. काढताना 6,00,000 पणाला होते, आज 1,50,000 आहेत. मधल्या फरकातला मोठा भाग फरशी बसली आणि भट्टी पेटली त्याच दिवशी बुडाला. बाजारभावाने काटेकोर मोजायचं तर पहिल्या वर्षाची झीज 60,000 नसून 4,50,000 होती, पण परीक्षेत घसारा दिलेला असतो तोच वापरायचा. त्यावर वाद घालत बसू नका.

जाता जाता, मागच्या बाकाचं उत्तर योगायोगाने बरोबर आलं असलं तरी कारणाला गुण नाहीत. सामानाला आज 4,00,000 देणारा गिऱ्हाईक दारात उभा असेल आणि वर्षाने त्याचे 3,60,000 च मिळणार असतील, तर भांडवलाची किंमत 28,000 व्याज आणि 40,000 झीज मिळून 68,000 होते, नफा उणे 8,000 येतो आणि उत्तर ‘बंद करा’ असं फिरतं. घातलेला पैसा दोन्ही वेळा सहा लाखच आहे. निर्णय त्याच्यावर हलत नाही, परत किती मिळतात त्याच्यावर हलतो.

अव्यक्त खर्चालाही तारीख असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वर्षभर कामातून बाहेर राहिल्यामुळे ताईंना आता 27,000 चीच नोकरी मिळत असेल, तर पुढच्या वर्षाच्या गणितात 3,60,000 ऐवजी 3,24,000 बसतील आणि नफा 55,500 होईल. जुना पगार आता पर्यायच राहिलेला नाही.

स्थिर आणि बुडीत यांची गल्लत कुठून येते

दोष थोडा पुस्तकाचाही आहे. अल्पकाळात उत्पादन थांबवायचं की नाही, या धड्यात ‘स्थिर खर्चाकडे दुर्लक्ष करा, किंमत सरासरी बदलत्या खर्चाच्या वर आहे का तेवढं बघा’ असा नियम दिलेला असतो. नियम बरोबर आहे, पण तिथे एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की त्या अल्पकाळात स्थिर खर्च टळू शकत नाहीत. मुलं नियम उचलतात, गृहीतक तिथेच सोडतात.

ताईंच्या कामगारांचे 40,000 बघा. शंभर प्लेट खपल्या काय, साठ खपल्या काय, पगार तोच. म्हणजे स्थिर. पण दुकान बंद केलं तर हा पगार थांबतो. म्हणजे टाळता येणारा. स्थिर आहे, बुडीत नाही, आणि बंद करण्याच्या गणितात तो मोजावाच लागतो.

परवान्याची वार्षिक फी तर वर्षात दोनदा रंग बदलते. नूतनीकरणाच्या आदल्या दिवशी ती टाळता येणारी असते, फी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी बुडीत. स्थिर ती दोन्ही दिवशी असते.

उलटं उदाहरणही त्याच दुकानात सापडतं. मटकीची उसळ आणि रस्सा हा बदलता खर्च, प्लेटमागे 20 रुपये. फरसाण, पाव, दही, पापड 16 रुपये. मिळून 36. सकाळी उसळ शिजली की तिचे 20 रुपये बुडीत झाले. दुपारी अडीच वाजता दुकान आवरायच्या वेळी वीस प्लेटची उसळ उरली आहे आणि शेजारच्या गॅरेजवाले म्हणतात, “ताई, वीस प्लेट घेतो, 30 रुपयांनी द्या.” 36 ला पडते म्हणून ताई नाही म्हणाल्या तर त्यांचं नुकसान आहे. उसळ संध्याकाळी तशीही टाकायचीच असेल, तर आता द्यायला फक्त 16 रुपयांचा माल लागतो, आणि प्लेटमागे 14 प्रमाणे 280 रुपये सुटतात. फक्त उसळ खरंच टाकून द्यावी लागणार असेल तरच हे लागू. घरी रात्रीच्या जेवणाला ती चालणार असेल, तर तिला तेवढं मोल आहे. आणि उद्यापासून गॅरेजवाले रोज अडीचलाच यायला लागले तर तो वेगळा निर्णय, त्याचं वेगळं गणित.

आता गाळा घरचा नसून भाड्याचा आहे असं धरा, कारण परीक्षेत हाच प्रकार जास्त येतो. अकरा महिन्यांचा करार, भाडं 15,000, पहिले सहा महिने सोडता येणार नाही अशी अट, अनामत 60,000. तीन महिने झाले आणि धंदा बसला. विक्री महिना 1,20,000 वर आली. माल त्या प्रमाणात 54,000, पगार 40,000, गॅस-वीज 10,000. किरकोळ खर्च सोयीसाठी सोडून देऊ. हातात उरतात 16,000.

झालेल्या तीन महिन्यांचं भाडं गेलं, त्याबद्दल कुणाला शंका नसते. शंका असते ती पुढच्या तीन महिन्यांच्या 45,000 बद्दल. ते अजून दिलेले नाहीत, म्हणून मुलं त्यांना टाळता येणारे समजतात. पण करारामुळे ते द्यावेच लागणार आहेत, दुकान उघडं असो की कुलूप असो. निर्णयाच्या दृष्टीने तेही बुडीतच. पैसा खिशातून गेला की नाही यापेक्षा तो वाचवता येतो की नाही हे बघायचं. करारात पोटभाडेकरू ठेवायची मुभा असेल आणि कुणी 9,000 द्यायला तयार असेल, तर तेवढी रक्कम मात्र पुन्हा निर्णयात येते.

अनामत हा खर्चच नव्हे. ती परत मिळते. तिच्यावरचं बुडालेलं व्याज तेवढा अव्यक्त खर्च. अनामत परत मिळतच नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

मग या तीन महिन्यांत दुकान उघडं ठेवायचं का? पोटभाडेकरू नाही असं धरा. महिन्याचे 16,000 सुटतात, भाडं दोन्हीकडे सारखंच, म्हणून पुस्तकी नियम म्हणेल की उघडं ठेवा. पण ताईंचा वेळ कुठे मोजला? तो अव्यक्त खर्च आहे, पण टाळता येणारा आहे. तीन महिने घरी बसून कुणाच्या टॅली एंट्रीचं काम घेतलं तर महिना 12,000 मिळतात, असं असेल तर 16,000 − 12,000 = 4,000, उघडं ठेवा. 20,000 मिळत असतील तर कुलूप लावा आणि भाडं भरत राहा. ‘अव्यक्त खर्च नेहमी बुडीत असतो’ अशी मुलांची एक समजूत असते, ती इथे उघडी पडते. सहाव्या महिन्यानंतर 15,000 भाडंही टाळता येणारं होतं, तेव्हा 16,000 मधून भाडं आधी वजा होईल आणि 1,000 वर कुणी दुकान चालवत नाही.

तरीही उत्तर जुळत नसेल तर

उत्तरसूची आणि तुमचं उत्तर वेगळं येत असेल, तर आधी प्रश्नाचं क्रियापद बघा. ‘आर्थिक नफा काढा’ असं म्हटलं असेल, तर हिशोबी नफ्यातून अव्यक्त खर्च वजा करा आणि थांबा. तिथे पुनर्विक्रीची किंमत, करार, तारीख काही आणू नका. ‘चालू ठेवावे का’, ‘स्वीकारावे का’, ‘विकावे का’ असं असेल तरच निर्णयाचं गणित. मी तपासलेल्या बऱ्याच वह्यांत विद्यार्थ्याचं गणित बरोबर असतं, फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं असतं.

मग तुमच्या कागदावरच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवा. दोन्ही पर्यायांत सारखी असलेली रक्कम एकाच बाजूला लिहिली गेली असेल, तर चूक तिथेच आहे. दोन्हीकडे लिहा किंवा दोन्हीकडून काढा, फरक तोच राहील.

आणि स्वतःला तपासायला एक प्रश्न, दुकानाबाहेरचा. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या चाळीत 100 क्विंटल उन्हाळ कांदा आहे. पिकवून चाळीत भरेपर्यंत क्विंटलला 1,600 खर्च आला. आज लासलगावला 1,400 भाव आहे. दोन महिन्यांनी 1,700 मिळेल असा त्याचा अंदाज आहे, पण तोवर सड आणि वजनातली घट मिळून 20 टक्के माल जाईल. गाडीभाडं, हमाली, तोलाई दोन्ही वेळा सारखीच पडते असं धरा. “1,600 ला पडलाय, 1,400 ला कसा देऊ, थांबतो,” असं तो म्हणतो.

1,600 बुडीत आहेत, ते खोडा. उरते तुलना आजच्या 1,40,000 ची आणि दोन महिन्यांनंतरच्या 80 क्विंटल × 1,700 = 1,36,000 ची. कांदा चाळीत ठेवण्याचा अव्यक्त खर्च म्हणजे आज हातात न घेतलेले 1,40,000, आणि त्यांच्यावरचं दोन महिन्यांचं व्याज तर अजून मोजलेलंच नाही. या आकड्यांवर आजच विकणं बरं. घट 20 ऐवजी 10 टक्के असेल, तर 90 × 1,700 = 1,53,000 होतात. 7 टक्क्यांनी दोन महिन्यांचं व्याज साधारण 1,633 धरूनही थांबणं परवडतं. 1,600 चा आकडा दोन्ही गणितांत कुठेच लागला नाही. तो वहीत तोटा दाखवायला लागेल, तेवढाच.